वर्षभर न आलेल्या हिरड्यांच्या पेशंटला पाठवलेलं पत्र: एक प्रकरण

मी हिरड्यांची डॉक्टर, पुण्यात सहकारनगरला आमचं छोटं क्लिनिक आहे, दोन खुर्च्या, एक असिस्टंट ताई आणि फोन सांभाळायला एक मुलगी. हे प्रकरण आमच्या एका पेशंटचं आहे, त्यांना इथे नुसतं काका म्हणते, ओळख पटेल असे तपशील बदललेत पण तोंडातले आकडे आहेत तसेच ठेवलेत. लिहायचं कारण म्हणजे काका वर्षभर मेंटेनन्सला, म्हणजे उपचारानंतरच्या नियमित देखरेखीला, आले नाहीत, आमचे चार मेसेज वाया गेले आणि शेवटी एका कागदी पत्रावर ते आले, त्या पत्रात काय होतं आणि ते तसं का लिहिलं हे नीट सांगावंसं वाटलं.

काका ५४ वर्षांचे, रविवार पेठेत दुकान, राहायला पर्वतीला. डायबिटीस आठ वर्षं, तंबाखू नाही. जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा आले ते हिरड्यांतून रक्त येतं आणि तोंडाला वास येतो म्हणून, घरात सगळे म्हणायचे पायरिया झालाय, आणि खरंच तोच होता, वाढलेला. हिरडी आणि दात यांच्यामधे एक खाच असते, निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते, आजार वाढला की ती खोल होत जाते आणि तिला आम्ही पॉकेट म्हणतो. ती मोजायला एक बारीक, खुणा केलेली सळई असते, प्रोब, ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलक्या हाताने घालायची आणि किती मिलिमीटर आत गेली ते ताई लिहून घेते. काकांचे २६ दात, म्हणजे १५६ जागा. त्यातल्या ३८ जागा ५ मिलिमीटर किंवा जास्त खोल निघाल्या.

फेब्रुवारीत भूल देऊन चार बैठकांमध्ये डीप क्लीनिंग केलं, म्हणजे हिरडीच्या आत मुळावर बसलेलं कीटण आणि जंतूंचा थर काढला. दोन महिन्यांनी परत मोजलं तर ३८ वरून ९ जागा. फार छान रिझल्ट, आणि त्यात अर्धं श्रेय काकांचं कारण ते रोज रात्री दुकान बंद करून घरी आले की दातांच्या फटींमधला छोटा ब्रश फिरवायचे. मग जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी २०२४ अशा तीन मेंटेनन्स व्हिजिट झाल्या. शेवटच्या वेळी ८ जागा खोल होत्या आणि १५६ पैकी २२ जागी प्रोबला रक्त आलं. चांगलं चाललं होतं.

पुढची तारीख एप्रिल २०२४. आले नाहीत. घरात लग्न होतं असं फोनवर कळलं. जुलैला फोन उचलला नाही, ऑक्टोबरला गणपती ते दिवाळीचा सीझन चालू. मधल्या काळात आमच्या सॉफ्टवेअरमधून चार मेसेज गेले, इंग्रजीत, सगळ्यांना जातो तोच ठराविक मजकूर, तुमचं क्लीनिंग ड्यू आहे वगैरे.

इथे चूक आमची आहे आणि ती मी स्पष्ट लिहिते. तो मेसेज दोन ठिकाणी मार खातो. एक तर क्लीनिंग हा शब्द. निरोगी हिरड्यांचा माणूस सहा महिन्यांनी किंवा वर्षाने वरवर दात साफ करून घेतो त्यालाही क्लीनिंग म्हणतात आणि आजाराने दातांभोवतीचं हाड एकदा गेलेल्या पेशंटची आयुष्यभराची देखरेख, तिलाही आम्ही तेच म्हणतो, मग पेशंटला वाटणारच की थोडे डाग पडलेत, दिवाळीनंतर बघू. दुसरं म्हणजे त्या मेसेजमध्ये काकांबद्दल एक अक्षर नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये ताईने काकांच्या घरी फोन लावला तेव्हा काकूंनी उचलला आणि खरं कारण तिथे कळलं. काकू म्हणाल्या, "अहो ते म्हणतात मशीन लावल्यापासून दात हलल्यासारखे वाटतात, खालच्या दातांत फटी पडल्या, आणि शेजारचे पण सांगतात की सफाई केली की दात सैल होतात, म्हणून नको म्हणतात." लग्न, सीझन ही सांगायची कारणं होती, भीती ही होती. आणि मी ती फेब्रुवारी २०२३ मध्येच बोलून घालवायला हवी होती, मी डीप क्लीनिंगच्या आधी भूल, दुखणं, सेन्सिटिव्हिटी सगळं सांगितलं होतं पण फटींबद्दल घाईघाईत एक वाक्य बोलले होते, ते कोणाच्या लक्षात राहणार.

मग पत्र लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा आमच्याकडे तेव्हा काम करणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरने लिहिला, मनापासून लिहिला होता पण मी त्यातली तीन वाक्यं काढली. एक होतं की दुर्लक्ष केलंत तर हार्ट अटॅक येऊ शकतो. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकत्र दिसतात हे खरं आहे, पण हिरड्यांवर उपचार केल्याने अटॅक टळतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि जे सिद्ध नाही ते क्लिनिकच्या लेटरहेडवर लिहून पेशंटला घाबरवायचं नाही. डायबिटीसचं वेगळं आहे, तिथे संबंध दोन्ही बाजूंनी आहे आणि तो चांगला अभ्यासलेला आहे, म्हणून तो ठेवला. दुसरं वाक्य होतं, वारंवार कळवूनही आपण आला नाहीत. हे शाळेतून घरी येणाऱ्या चिठ्ठीसारखं आहे, काढलं. तिसरं होतं की सर्व दात गमवावे लागतील. काकांचे सर्व दात धोक्यात नव्हते. आठ जागा धोक्यात होत्या, आणि त्या कुठे आहेत ते आमच्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं.

पत्र बंद पाकिटात, काकांच्या नावाने, कुरिअरने गेलं. पोस्टकार्ड नाही आणि घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर पडेल असा मेसेज नाही, कारण त्यात त्यांच्या आजाराचे तपशील होते. एक प्रत तारखेसह फाईलला लावली, पेशंटला काय आणि कधी कळवलं याची नोंद क्लिनिककडे असलीच पाहिजे. मजकूर असा:

दिनांक ६ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. आपण ११ जानेवारी २०२४ ला हिरड्यांच्या तपासणीसाठी आला होता. त्यानंतर एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तीन तपासण्या राहून गेल्या. कामाच्या व्यापात असं होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण मधे काय घडत असू शकतं ते आपल्याला माहीत असावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपण पहिल्यांदा आलात तेव्हा आपल्या तोंडात ३८ जागा ५ मिलिमीटर किंवा त्याहून खोल होत्या. उपचारानंतर त्या ९ झाल्या आणि शेवटच्या तपासणीत ८. आपण रोज रात्री फटींमधला ब्रश वापरता म्हणून हे टिकलं. पण या ८ जागांमध्ये आपला ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही, तो कितीही नीट फिरवला तरी. त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे खालच्या उजव्या बाजूची मोठी दाढ, तिच्या मागच्या अंगाला ५ मिलिमीटर आहे.

अशा खोल जागेत आम्ही साफ केल्यानंतर काही आठवड्यांत जंतू परत जमायला लागतात आणि साधारण तीन महिन्यांच्या आसपास बऱ्याच पेशंटमध्ये ते पुन्हा आधीच्यासारखे होऊ शकतात. ते तसे व्हायच्या आत थर मोडायचा, एवढ्यासाठी तीन महिन्यांचा हिशोब आहे. आपल्या हिरड्या सलग स्थिर राहिल्या तर हे अंतर चार किंवा सहा महिन्यांवरही नेता येतं.

दुखत नाही म्हणून ठीक असेल असं कृपया धरू नये. हा आजार हाड खातो तेव्हा सहसा दुखत नाही. गेलेलं हाड नुसत्या साफसफाईने परत येत नाही, आहे ते टिकवता येतं.

काकूंकडून कळलं की सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात. हे आपण बोललात ते बरं झालं. आपल्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाची एक सलग पट्टी होती, तिने दात एकमेकांना चिकटवून धरले होते. हाड आधीच कमी झालं होतं. पट्टी काढल्यावर दात जसे होते तसे जाणवले. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसली म्हणून फटी दिसायला लागल्या. आमच्या नोंदीप्रमाणे हे दात जानेवारी २०२३ मध्ये हलत होते त्यापेक्षा जानेवारी २०२४ मध्ये कमी हलत होते. आपण आलात की दोन्ही नोंदी आणि एक्स-रे समोर ठेवून दाखवते.

येताना साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट आणावा. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज असली की साखर आटोक्यात ठेवायला जड जातं.

तपासणीला पाऊण ते एक तास लागेल. सगळ्या जागा परत मोजू, खोल जागा आतून साफ करू, ब्रशची साईज बरोबर आहे का ते बघू. शक्यतो भूल लागत नाही. फी गेल्या वेळचीच, १,५०० रुपये. जास्त काही करावं लागलं तर आधी सांगून, विचारून, मगच. आपलं दुकान दहाला उघडतं म्हणून सकाळी साडेआठची वेळ ठेवता येईल.

हिरडीतून पू येणं, गाठ येणं, एखादा दात अचानक जास्त हलणं किंवा चावताना दात आधी लागतो असं वाटणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता यावं.

आपल्याला दुसरीकडे दाखवायचं असेल तरी हरकत नाही, फाईलची प्रत आणि एक्स-रे आम्ही देऊ. कुठेही दाखवा, पण दाखवा.

आपली,
डॉक्टर

एवढंच पत्र. दीड पान झालं, आणि मला कोणी विचारलं की पेशंट एवढं वाचतो का, तर स्वतःच्या तोंडाबद्दल असेल तर वाचतो, माझा अनुभव तरी तसाच आहे.

काका ९ जानेवारी २०२५ ला साडेआठच्या आधी येऊन बसले होते. शर्टाच्या खिशातून पत्र काढलं, चार घड्या घातलेलं, आणि दोन ओळींखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती. एक, ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही ही. दुसरी, कीटणाची पट्टी. म्हणाले, "डॉक्टर, हे मला आधी कुणी असं सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं मी रोज घासतोय म्हणजे झालं."

आधी खुर्चीत न झोपवता मी त्यांना एक्स-रे दाखवले, २०२३ चा आणि त्या दिवशी काढलेला. जुन्या एक्स-रेमध्ये खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये हाडाची वरची कड किती खाली आलीये ते त्यांना बोट ठेवून दाखवलं, आणि हा एक्स-रे मशीन लावायच्या आधीचा आहे, तारीख बघा, असं सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं त्या क्षणी शेजाऱ्यांचं मत मागे पडलं. आपल्याकडे हा समज फार खोल आहे, सफाईने दात सैल होतात, आणि त्याला नुसतं खोटं म्हणून चालत नाही कारण पेशंटला जाणवलेलं खरंच असतं, कारण मात्र वेगळं असतं.

मग मोजणी. ५ मिलिमीटर किंवा जास्त अशा जागा ८ वरून १७. रक्त २२ जागांवरून ६१ जागी, म्हणजे जवळपास ३९ टक्के. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे HbA1c, गेल्या वर्षी ७.२ टक्के होती ती ८.० झालेली. आणि ती उजवी खालची दाढ, मागच्या अंगाला ५ वरून ७ मिलिमीटर. त्या दाढेला दोन मुळं असतात, त्यांच्यामधल्या बेचक्यात आधी वाकडी प्रोब जेमतेम टेकत होती, आता ती चांगली आत शिरली, आरपार नाही पण आत. बेचकं उघडं पडलं की तिथे ना पेशंटचा ब्रश नीट जातो ना आमचं हत्यार, म्हणून दाढांच्या बाबतीत मी बेचक्याला जास्त घाबरते.

रक्ताबद्दल एक गोष्ट नेहमी चुकीची समजली जाते म्हणून इथे थांबते. एखाद्या जागी एकदा रक्त आलं म्हणजे तिथलं हाड जातंच आहे असं नाही. उलटं जास्त भरवशाचं आहे, म्हणजे एखाद्या जागी वारंवार तपासूनही रक्त येत नसेल तर ती जागा बहुधा शांत आहे. म्हणून काकांच्या ६१ आकड्याने मी लगेच घाबरले नाही, पण ६१ सोबत खोली वाढलेली आणि बेचकं वाढलेलं, तिन्ही एकत्र, तेव्हा आजार परत जागा झालाय याबद्दल शंका राहिली नाही. आणि सिगरेट ओढणाऱ्याला हे गणित लागू करताना जपावं लागतं कारण सिगरेटमुळे हिरडीतून रक्त कमी येतं, आत आजार चालू असतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. तशा पेशंटच्या पत्रात मी ते वेगळं लिहिते.

आता हे सगळं वर्षभराच्या खंडामुळेच झालं का? पूर्ण खात्रीने नाही सांगता येत. साखर पण वाढली होती, आणि ती हिरड्यांमुळे वाढली की दिवाळीच्या दगदगीत औषधं चुकल्यामुळे, ते वेगळं करता येत नाही. हिरड्यांच्या उपचाराने तीन महिन्यांची साखर उतरते ती सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आतच, औषधाच्या जागी ती धरू नये, हे मी काकांना पण सांगितलं. पण मेंटेनन्स असणं आणि नसणं यातला फरक फार जुना आणि पक्का आहे. स्वीडनमध्ये अ‍ॅक्सेलसन आणि लिंढ यांनी १९८१ मध्ये उपचार झालेल्या पेशंटचा सहा वर्षांचा हिशोब मांडला होता, ज्यांना दर दोन-तीन महिन्यांनी बोलावून तपासलं, साफ केलं त्यांच्या हिरड्या स्थिर राहिल्या आणि ज्यांना नेहमीच्या डेंटिस्टकडे परत पाठवून दिलं त्यांच्यात आजार पुन्हा वाढला. उपचार दोन्हीकडे झालेले होते. नंतर काय केलं त्यात फरक पडला.

काकांना त्या दिवशी नुसता मेंटेनन्स पुरणार नव्हता, आणि पत्रात कबूल केल्याप्रमाणे मी ते आधी सांगितलं, खर्च सांगितला, मग १७ जागा भूल देऊन दोन बैठकांत परत आतून साफ केल्या. पुढच्या दातांच्या फटींना त्यांचा जुना ब्रश फार बारीक पडत होता, तो नुसता आत-बाहेर होत होता, काहीच घासत नव्हता, फटी मोठ्या झाल्या की ब्रश पण मोठा लागतो. ताईने आरशात धरून दोन साईज दिल्या, पुढे लहान आणि दाढांना मोठी, आणि थोडं अडकत जाईल तीच साईज बरोबर हे त्यांच्याच हाताने करून बघायला लावलं. साखरेच्या डॉक्टरांना द्यायला एक छोटी चिठ्ठी पण लिहून दिली.

मार्चमध्ये परत मोजलं तेव्हा १७ च्या ११ झाल्या, रक्त ३० जागी. म्हणजे सुधारलं, पण जानेवारी २०२४ च्या जागेवर नाही आलं. जून २०२५ मध्ये ९ आणि २४. दाढ मात्र ७ वरून ६ वर येऊन थांबलीये आणि तिथे दर वेळी रक्त येतं. तिच्यासाठी पुढचा मार्ग म्हणजे हिरडी उघडून, बघून, साफ करायची छोटी शस्त्रक्रिया, आणि ती साखर जरा खाली आल्यावर करायची असं काकांशी आणि त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांशी बोलून ठरलंय. ती दाढ किती वर्षं जाईल ते मी त्यांना आकड्यात सांगितलेलं नाही, काढायची वेळ आज आलेली नाही एवढं सांगितलंय. वर्षभरापूर्वी ५ मिलिमीटरला हा विषयच निघाला नसता, आणि ते मला टोचतं कारण चार मेसेज आम्ही चुकीचे पाठवत बसलो.

क्लिनिकमध्ये दोन बदल केले. ज्या पेशंटचं हाड एकदा गेलंय त्यांना आता क्लीनिंगचा मेसेज जात नाही, त्यांच्या रिमाइंडरमध्ये हिरड्यांची तपासणी असा शब्द आहे, मराठीत, आजाराचं नाव न घेता, आणि एक व्हिजिट चुकली की ताई फोन करून वेळ का जमली नाही ते विचारते, नुसती नवी तारीख देत नाही. दोन चुकल्या की फाईल माझ्या टेबलावर येते आणि त्या माणसाच्या आकड्यांचं पत्र मी स्वतः लिहिते, आठवड्याला एखाद-दुसरं असतं, वीस मिनिटं लागतात. दुसरा बदल म्हणजे डीप क्लीनिंगच्या आधी मी प्रत्येकाला आरसा देऊन खालच्या पुढच्या दातांमागची कीटणाची पट्टी दाखवते आणि ही निघाल्यावर काय वाटेल ते तेव्हाच सांगते.

जूनला निघताना काकांनी काउंटरवर स्वतःहून विचारलं की पुढची तारीख सप्टेंबरच्या ऐवजी ऑगस्टमध्ये मिळेल का, एकदा गणपती बसले की मग दुकानातून हलता येत नाही. १९ ऑगस्ट, सकाळी साडेआठ, लिहून दिलंय.